किलोभर शिसं की किलोभर पाणी?

किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड, हे कोडं लहानपणी प्रत्येकाला कुणीतरी घातलेलं असतं. घाईत ‘लोखंड’ म्हणून बसलो की घरभर हसू व्हायचं. त्याच चालीवरचं एक मोठ्यांचं कोडं आहे: क्ष-किरण किंवा गॅमा किरण अडवायला किलोभर शिसं चांगलं की किलोभर पाणी? एक्स-रे काढताना तंत्रज्ञाच्या अंगावर शिशाचा ॲप्रन पाहिलेला कुणीही क्षणभर न थांबता ‘शिसं’ म्हणेल. पण इथेही घाई नडते.

कोडं नीट मांडू. एक किलो शिसं आणि एक किलो पाणी सारख्याच क्षेत्रफळावर थापलं. शिशाचा पत्रा पातळ होईल, पाण्याचा थर त्याच्या अकरापट जाड. दोन्हींवर तेच किरण सोडले. एक्स-रे विभागातले, 60 केईव्ही ऊर्जेचे किरण घेतले, तर शिसं पाण्यापेक्षा सुमारे 24 पट प्रभावी ठरतं. कर्करोगावर उपचार करणाऱ्या कोबाल्ट यंत्राचे, सरासरी 1.25 एमईव्हीचे किरण घेतले, तर पाणी शिशाच्या किंचित पुढे जातं. आणि 10 एमईव्हीपर्यंत चढलं, की शिसं पुन्हा जिंकतं, पण आता फक्त सव्वादोन पटींनी. वस्तू त्याच, वजन तेच, निकाल मात्र तीन. शिसं बदललेलं नाही; किरण अडवण्याची रीत बदललेली आहे. अशा मुख्य रीती तीन आहेत आणि कोणत्या ऊर्जेला कोणती चालते, हे कळलं की कोडं सुटतं.

आधी ऊर्जेचं माप. प्रकाश, क्ष-किरण, गॅमा किरण हे सगळे फोटॉन नावाच्या ऊर्जेच्या पुडक्यांनी बनलेले असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. एक्स-रेच्या फोटॉनची त्याच्या हजारो पट, म्हणजे साधारण 20 ते 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. याला आपण केईव्ही म्हणू. हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही. फोटॉन म्हणजे खिशातली नोट असं समजा. नोट किती रुपयांची आहे, यावर ती कुठे आणि कशी खर्च होणार, ते ठरतं.

सगळी नोट एका जागी

पहिली रीत प्रकाशविद्युत परिणामाची. फोटॉन अणूतल्या एका इलेक्ट्रॉनला आपली सगळी ऊर्जा देतो आणि स्वतः संपतो. त्यातली काही ऊर्जा इलेक्ट्रॉनला अणूच्या बंधनातून सोडवण्यात जाते, उरलेली घेऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. अतिनील प्रकाशामुळे ठिणगी सहज पडते, हे हाइनरिश हर्ट्झला 1887 मध्ये दिसलं होतं; त्याचा अर्थ आइनस्टाइनने 1905 मध्ये लावला आणि 1921 चं नोबेल पारितोषिक त्याला त्यासाठीच मिळालं, सापेक्षतेसाठी नव्हे.

या रीतीत एक अट दडलेली आहे. मोकळ्या इलेक्ट्रॉनला फोटॉन पूर्ण गिळता येत नाही. तसं झालं तर ऊर्जेचा हिशेब जुळतो पण संवेगाचा जुळत नाही, किंवा उलट. दोन्ही जुळण्यासाठी जवळ एक जड भिडू लागतो, जो धक्का पचवेल. हा भिडू म्हणजे अणूचं केंद्रक. त्यामुळे जो इलेक्ट्रॉन केंद्रकाशी जितका घट्ट बांधलेला, तितका तो या कामाला सोयीचा. सगळ्यांत आतल्या कक्षेतले, ज्यांना के-कक्षेचे म्हणतात, ते दोन इलेक्ट्रॉन सर्वांत सोयीचे. फक्त फोटॉनकडे त्यांना सोडवण्याइतकी ऊर्जा हवी.

घट्ट बांधणी हवी, म्हणजे केंद्रकावरचा धनभार मोठा हवा. म्हणून अणुक्रमांक इथे जबरदस्त वजन टाकतो. दर ग्रॅममागे पाहिलं तर ही शक्यता ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनाने वाढते. ऑक्सिजनचा अणुक्रमांक 8, कॅल्शियमचा 20. अणुक्रमांक अडीचपट, पण शक्यता जवळपास पंधरापट. शिशाचा अणुक्रमांक 82. त्याचं गुणोत्तर तर हजाराच्या घरात जातं. उलट ऊर्जा वाढली की शक्यता तितक्याच वेगाने कोसळते: ऊर्जा दुप्पट, तर शक्यता एक-अष्टमांश. म्हणून प्रकाशविद्युत परिणाम हा जड अणूंचा आणि कमी ऊर्जेचा खेळ आहे.

शिशाच्या ॲप्रनची सगळी पुण्याई इथली. नेहमीच्या ॲप्रनची ताकद अर्ध्या मिलिमीटर शिशाइतकी असते. 60 केईव्हीच्या शंभर फोटॉनपैकी त्यातून जेमतेम सहा पार होतात. एवढ्या पातळ थराने एवढं अडवावं, हे नवलच. मात्र तो थर अखंड असला पाहिजे. ॲप्रनची घडी घालू नये, तो दांडीवर टांगावा, हा एक्स-रे विभागातला नियम त्यासाठीच असतो. घडीवर आतलं शिसं तडकतं आणि वरच्या कापडावर काहीच दिसत नाही. म्हणून ठरावीक काळाने ॲप्रनचाच एक्स-रे काढून पाहतात. तडा असेल तिथे चित्रावर रेघ उमटते.

याच ॲप्रनमध्ये एक विचित्र गोष्ट लपलेली आहे. 80 केईव्हीचे फोटॉन सोडले तर शंभरातले पंचवीस पार होतात. 100 केईव्हीचे सोडले तर मात्र चारच. जास्त ताकदीचे फोटॉन जास्त अडावेत, हे उलटंच झालं. कारण शिशाच्या के-कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला सोडवायला 88 केईव्ही लागतात. त्याखालच्या फोटॉनला ते दोन सर्वांत सोयीचे इलेक्ट्रॉन उपलब्धच नसतात. बाहेरच्या कक्षांवर भागवावं लागतं. 88 ची पायरी ओलांडली की ते दार उघडतं आणि शिशाची शोषणशक्ती एकदम चौपट होते. अशी पायरी प्रत्येक मूलद्रव्याला असते. आयोडीनची 33 केईव्हीला, बेरियमची 37 ला. एक्स-रेच्या ऊर्जांच्या अगदी मध्यावर. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून आयोडीनचं औषध टोचतात आणि अन्ननलिका दिसावी म्हणून बेरियमचं पांढरं पाणी प्यायला देतात, त्यामागे जड अणुक्रमांकाच्या जोडीला ही पायरीही असते.

नोट मोडली, सुट्टे परत

दुसरी रीत आर्थर कॉम्प्टनने अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे 1922-23 मध्ये उलगडली. त्याने क्ष-किरण ग्रॅफाइटवर सोडले आणि वेगवेगळ्या कोनांत विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी मोजली. विखुरलेल्या किरणांत मूळ तरंगलांबीबरोबर आणखी एक, थोडी मोठी तरंगलांबी सापडली; आणि कोन वाढला की ती वाढत होती. फोटॉन आणि इलेक्ट्रॉन हे कॅरमच्या सोंगट्यांसारखे आदळतात, असं धरलं की आकडे तंतोतंत जुळत. फोटॉन आपली थोडी ऊर्जा इलेक्ट्रॉनला देतो आणि उरलेली घेऊन दुसऱ्याच दिशेला जातो. नोट मोडली, सुट्टे परत मिळाले. या कामासाठी कॉम्प्टनला 1927 चं नोबेल मिळालं.

इथे कळीचा मुद्दा असा, की या टकरीला केंद्रकाची गरज लागत नाही. फोटॉनची ऊर्जा बंधनाच्या ऊर्जेपेक्षा खूप मोठी असेल, तर इलेक्ट्रॉन बांधलेला आहे की मोकळा, हे त्याला जाणवतच नाही. इलेक्ट्रॉन हायड्रोजनचा असो की शिशाचा, सारखाच. त्यामुळे कॉम्प्टन परिणाम अणुक्रमांक विचारत नाही, फक्त इलेक्ट्रॉन मोजतो. ऊर्जा वाढते तशी ही शक्यताही घटते, पण प्रकाशविद्युत परिणामासारखी कोसळत नाही, सावकाश उतरते. म्हणून पहिली रीत खाली गेली की मैदान आपोआप दुसरीच्या हाती येतं.

आता इलेक्ट्रॉन मोजायचेच असतील, तर किलोभर वस्तूत ते किती, हा प्रश्न येतो. पाण्याच्या रेणूचं वजन 18 एकक आणि त्यात इलेक्ट्रॉन 10. शिशाच्या अणूचं वजन सुमारे 207 आणि इलेक्ट्रॉन 82. भागाकार केला तर पाण्याला वजनाच्या प्रत्येक एककामागे 0.56 इलेक्ट्रॉन, शिशाला 0.40. शिशाच्या केंद्रकात सव्वाशेच्या आसपास न्यूट्रॉन ठासलेले असतात. ते वजन वाढवतात, पण सोबत इलेक्ट्रॉन आणत नाहीत. उलट हायड्रोजनच्या साध्या केंद्रकात न्यूट्रॉनच नसतो, त्यामुळे हायड्रोजन असलेलं पाणी या मोजणीत फायद्यात राहतं. कॉम्प्टनच्या राज्यात किलोभर पाण्याकडे किलोभर शिशापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन असतात. आपल्या कोड्याचं मधलं उत्तर हे असं आहे.

निव्वळ इलेक्ट्रॉन मोजले तर 1.25 एमईव्हीला शिसं पाण्याच्या 71 टक्केच भरायला हवं होतं. प्रत्यक्षात ते 93 टक्के भरतं. मधला फरक मुख्यतः प्रकाशविद्युत परिणामाच्या उरल्यासुरल्या हिश्श्याचा. शिशात तो इतका चिवट असतो, की एमईव्हीच्या वरही पुरता संपत नाही. त्यामुळे पाण्याची सरशी साधारण 1 ते 2.5 एमईव्हीच्या पट्ट्यातच टिकते. कोबाल्ट-60 चे 1.17 आणि 1.33 एमईव्हीचे किरण नेमके त्या पट्ट्यात पडतात.

एकाच कमरेची दोन चित्रं

कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाची दोन चित्रं शेजारी ठेवली, की दोन रीतींमधला फरक डोळ्यांना दिसतो. पहिलं साध्या एक्स-रेचं. त्यात कमरेची हाडं पांढरीशुभ्र, कडा रेखीव. दुसरं उपचाराच्या यंत्राने, म्हणजे 6 दशलक्ष व्होल्टच्या लिनॅकने, उपचाराच्याच किरणांत काढलेलं. रुग्ण बरोबर जागेवर झोपला आहे ना, हे तपासण्यासाठी. त्यात हाडं धुक्यात हरवल्यासारखी. नवखा माणूस म्हणेल, यंत्र बिघडलं. यंत्र ठणठणीत आहे.

हिशेब करून पाहू. एक सेंटिमीटर हाड आणि एक सेंटिमीटर मऊ उती. उतीऐवजी पाणी धरायला हरकत नाही. साध्या एक्स-रेतल्या 40 केईव्हीच्या शंभर फोटॉनपैकी उतीतून 76 पार होतात, हाडातून 28. जवळपास पावणेतीन पटींचा फरक. चित्र ठसठशीत उठणारच. हाडातल्या कॅल्शियम आणि फॉस्फरसमुळे तिथे प्रकाशविद्युत परिणामाचा वाटा मोठा असतो, उतीत मात्र तोवर कॉम्प्टन पुढे गेलेला असतो. आता लिनॅक. त्यातल्या फोटॉनची सरासरी ऊर्जा 2 एमईव्हीच्या आसपास असते. उतीतून 95 पार होतात, हाडातून 91 ते 92. आता फरक उरला तीन-चार फोटॉनचा, आणि तोही हाड कॅल्शियमचं आहे म्हणून नव्हे, तर ते घट्ट आहे, एका सेंटिमीटरात जास्त माल भरलेला आहे म्हणून. वजनाला वजन ठेवलं तर या ऊर्जेला हाड उतीपेक्षा किंचित कमीच अडवतं.

चित्रासाठी जे वाईट, तेच उपचारासाठी चांगलं. मेगाव्होल्टची यंत्रं येण्याआधी दोन-अडीच लाख व्होल्टच्या क्ष-किरणांनी उपचार होत. त्यांत प्रकाशविद्युत परिणाम शिल्लक असल्याने गाठ जबड्याजवळ असेल, तर गाठीपेक्षा हाडच जास्त ऊर्जा शोषून घेई, आणि मागाहून हाड मरण्याचे प्रकार होत. 1951 मध्ये कॅनडात कोबाल्ट-60 ने उपचार सुरू झाले आणि हा भेदभाव जवळपास मिटला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं ‘भाभाट्रॉन’ हे यंत्रही कोबाल्टचंच. कॉम्प्टनच्या राज्यात हाड, स्नायू, गाठ सगळ्यांना वजनाच्या प्रमाणात जवळपास सारखा मारा मिळतो. डॉक्टरला तेच हवं असतं.

सुट्टे कुठे जातात?

आतापर्यंत ‘अडवलं’ हा शब्द आपण सैलपणे वापरला. फोटॉन सरळ वाटेवरून दूर झाला की त्याला अडवला म्हटलं. प्रकाशविद्युत परिणामात हे ठीक आहे, कारण फोटॉन तिथे खरोखर संपतो. कॉम्प्टनमध्ये तो संपत नाही, वळतो. आणि वळलेला फोटॉन कुणाच्या तरी अंगावर जातो.

60 केईव्हीचा फोटॉन काटकोनात वळला तर त्याच्याकडे सुमारे 54 केईव्ही उरतात, म्हणजे जवळपास सगळेच. एक्स-रे खोलीत उभ्या असलेल्या माणसाला खरा धोका असतो तो झोतापेक्षा, झोत ज्याच्यावर पडतो आहे त्या रुग्णाच्या शरीरातून चहूकडे उडणाऱ्या अशा किरणांचा. ॲप्रन मुख्यतः त्यांच्यासाठी.

कोबाल्टच्या फोटॉनची गोष्ट वेगळी. 1.25 एमईव्हीचा फोटॉन काटकोनात वळला तर 363 केईव्ही उरतात, सरळ मागे फिरला तर 212 केईव्ही. टक्कर जितकी जोराची, तितकं नुकसान जास्त. या हिशेबातून एक मजेदार मर्यादा निघते: सुरुवातीची ऊर्जा कितीही मोठी असो, एका टकरीत सरळ मागे फिरलेल्या फोटॉनकडे 255 केईव्हीपेक्षा जास्त कधीच उरत नाहीत. दोन हजारांची नोट मोडा की लाखाची, सुट्टे तेवढेच. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

वळलेल्या फोटॉनमुळे जाडीचे हिशेबही फसतात. कागदावर कोबाल्टचे किरण निम्मे करायला एक सेंटिमीटरभर शिसं किंवा 11 सेंटिमीटर पाणी पुरतं. दर चौरस सेंटिमीटरला शिशाचं वजन भरतं 11.8 ग्रॅम, पाण्याचं 11. पण ही मोजणी बारीक झोताची, ज्यात वळलेला फोटॉन कायमचा गेला असं धरतात. रुंद झोतात तसं होत नाही; एका जागेवरून वळून गेलेल्याच्या बदली दुसरीकडून वळून आलेला हजर होतो. त्यामुळे प्रत्यक्ष भिंत त्याहून जाड बांधावी लागते. शिवाय वजनाला वजन शिशाचा फायदा नसेल, तर महागडं शिसं कशाला? म्हणून उपचारखोलीच्या भिंती काँक्रीटच्या, मीटरभर किंवा त्याहूनही जाड असतात. जागाच अपुरी असेल तर शिसं वापरतात, कारण ते त्याच कामाला पातळ पडतं. तिथे शिशाची घनता कामी येते, अणुक्रमांक नव्हे.

याच कारणाने ॲप्रन या खोलीत कुचकामी ठरतो. अर्धा मिलिमीटर शिसं कोबाल्टच्या शंभर फोटॉनपैकी तीन-साडेतीन अडवतं. पाच-सहा किलोचं ओझं अंगावर घेऊन एवढीच कमाई.

नोटेतून वस्तू

तिसरी रीत सापडली ती एका न जुळणाऱ्या आकड्यामुळे. 1930 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत चाओ चुंग-याओ हा चिनी संशोधक थोरियमच्या मालिकेतून निघणारे 2.6 एमईव्हीचे गॅमा किरण वेगवेगळ्या पदार्थांत किती अडतात, ते मोजत होता. हलक्या मूलद्रव्यांत आकडे कॉम्प्टन परिणामाच्या सूत्राशी छान जुळले. शिशात जुळेनात, शिसं हिशेबापेक्षा बरंच जास्त अडवत होतं. शिवाय शिशातून चहूबाजूंना अर्ध्या एमईव्हीच्या आसपासचे जादा किरण निघत होते. कॉम्प्टनचे वळलेले फोटॉन कोनाप्रमाणे ऊर्जा बदलतात. हे बदलत नव्हते.

उत्तर दोन वर्षांनी त्याच संस्थेत सापडलं. 1932 मध्ये कार्ल अँडरसनला विश्वकिरणांच्या छायाचित्रात एक वाट दिसली, इलेक्ट्रॉनसारखीच, पण चुंबकीय क्षेत्रात उलट्या बाजूला वळलेली. हा धनभारित इलेक्ट्रॉन म्हणजे पॉझिट्रॉन. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट आणि जुझेप्पे ओक्यालिनी यांनी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या निर्माण होतात, हे दाखवलं. केंद्रकाच्या प्रखर विद्युत क्षेत्रातून जाताना फोटॉन नाहीसा होतो आणि त्याच्या ऊर्जेतून ही जोडी जन्मते. नोट देऊन वस्तू घेतली. वस्तूची किंमत ठरलेली: एका कणाच्या वस्तुमानाला 511 केईव्ही, दोन्हींचे मिळून 1022. त्यापेक्षा एक केईव्ही कमी असेल तरी सौदा होत नाही. इथे उधारी चालत नाही. जास्त असेल तर वरची ऊर्जा दोघं गती म्हणून वाटून घेतात.

पॉझिट्रॉन फार टिकत नाही. वेग मंदावला की तो एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नाहीसे होतात आणि 511 केईव्हीचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना निघतात. चाओला दिसलेले जादा किरण हेच होते. गॅमा किरण मोजणाऱ्या उपकरणाच्या आलेखातही ही खूण आजही दिसते. 2614 केईव्हीच्या थोरियम मालिकेच्या किरणांसाठी मुख्य शिखर 2614 ला उठतं. त्याशिवाय एक बुटकं शिखर 2103 ला आणि दुसरं 1592 ला. 511 एकदा वजा केले, दोनदा वजा केले. जोडी उपकरणात जन्मली, पण शेवटच्या दोन फोटॉनपैकी एक किंवा दोन्ही मापात न येता निसटले.

या जन्मासाठी केंद्रकाचं विद्युत क्षेत्र लागतं, म्हणून अणुक्रमांक पुन्हा हिशेबात येतो. दर ग्रॅममागे शक्यता साधारण अणुक्रमांकाच्या प्रमाणात वाढते, घनाने नाही. म्हणून 10 एमईव्हीला शिशाची आघाडी 24 पट न होता सव्वादोन पटच राहते. आणि पहिल्या दोन रीतींच्या उलट, ही ऊर्जेबरोबर वाढत जाते. याचा परिणाम असा, की ऊर्जा वाढवत नेली तर शिसं आधी अधिकाधिक पारदर्शक होतं, साडेतीन एमईव्हीच्या आसपास सर्वांत पारदर्शक, आणि तिथून पुन्हा अपारदर्शक व्हायला लागतं. ‘जितके किरण ताकदवान, तितके जास्त आरपार’ ही समजूत शिशापुरती तिथे संपते.

डोंगराचा नकाशा

तिन्ही रीती एका चित्रात मांडता येतात. आडव्या रेषेवर ऊर्जा डावीकडून उजवीकडे वाढत जाते, उभ्या रेषेवर अणुक्रमांक. डावीकडे वरचा मुलूख प्रकाशविद्युत परिणामाचा, उजवीकडे वरचा युग्मनिर्मितीचा, आणि मध्ये डोंगरासारखा कॉम्प्टनचा. पायथा अफाट, माथा अरुंद. पायथ्याला पाणी आणि आपलं शरीर: तिथे कॉम्प्टनची सत्ता साधारण 30 केईव्हीपासून 25 एमईव्हीपर्यंत पसरलेली. माथ्याजवळ शिसं: तिथे ती सुमारे अर्ध्या एमईव्हीला सुरू होऊन 5 एमईव्हीला संपते. या सीमारेषा म्हणजे कुंपणं नव्हेत. त्यांच्यावर दोन रीतींचा वाटा निम्मा-निम्मा असतो, आणि पलीकडे गेल्यावरही हरलेली रीत थोडीबहुत चालूच राहते. 1.25 एमईव्हीच्या शिशात आपण ते पाहिलंच.

नकाशा हातात घेऊन पुन्हा कोबाल्टच्या उपचारखोलीकडे जाऊ. तिच्या आत जाण्याची वाट सरळ नसते. काँक्रीटच्या भिंतींमधून वळण घेत जाते, जेणेकरून यंत्राकडून कुठलाही फोटॉन सरळ दारापर्यंत येऊ नये. दाराशी पोहोचतात ते भिंतींवर आपटून मागे वळलेले. आणि मागे वळलेल्या फोटॉनकडे किती ऊर्जा उरते, ते आपल्याला ठाऊक आहे: 200 केईव्हीच्या आसपास, पुढच्या आपटीनंतर आणखी कमी. म्हणजे वळणावळणाच्या त्या वाटेने फोटॉनला डोंगरावरून खाली, डावीकडे ढकललेलं असतं, शिशासाठी पुन्हा प्रकाशविद्युत परिणामाच्या मुलखात. 200 केईव्हीला किलोभर शिसं किलोभर पाण्याच्या सातपट काम करतं. तीन मिलिमीटरच्या पत्र्यातून शंभरातले तीनच फोटॉन बाहेर येतात.

म्हणून खोलीच्या भिंती मीटरभर काँक्रीटच्या असतात आणि दाराला मात्र काही मिलिमीटर शिशाचा पत्रा पुरतो. भिंतीसाठी ‘किलोभर काहीही चालेल’ हे उत्तर आणि दारासाठी ‘किलोभर शिसं’, दोन्ही एकाच खोलीत, एकाच यंत्रासाठी बरोबर. त्या दाराबाहेर लेड ॲप्रन टांगलेले दिसत नाहीत. कोड्याचं उत्तर माहीत असलेल्यांनी ते तिथे ठेवलेलेच नसतात.